विद्यार्थ्यांचे सर्वेक्षण आणि नीतिमत्ता समितीचा अर्ज

एम.एड. किंवा पीएच.डी. करणारे आपले बरेच सहकारी आपल्याच शाळेतल्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेतात. मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं की झालं, असा समज असतो. पण ते पत्र म्हणजे शाळेत येण्याची परवानगी. मुलाची आणि पालकांची संमती ही वेगळी गोष्ट आहे, आणि नीतिमत्ता समिती पहिल्यांदा तेच विचारते.

एक उदाहरण घेऊ. समजा, गंगाखेड तालुक्यातल्या एका शाळेत नववीच्या 34 मुलांचा ताण, झोप आणि गैरहजेरी यांचा अभ्यास करायचा आहे. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि मुलं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात. विषय आरोग्याचा असल्यामुळे समिती भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची 2017 ची मार्गदर्शक तत्त्वे समोर ठेवते. त्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलासाठी पालकांची संमती लागते. शिवाय बारा वर्षांवरच्या मुलाची स्वतःची लेखी सहमतीही लागते. पालक हो म्हणाले आणि मूल नको म्हणालं, तर त्या मुलाला घ्यायचं नाही.

आता अडचण बघा. डिसेंबरमध्ये सर्वेक्षण ठरवलं, तर ज्यांच्यासाठी हा अभ्यास आहे त्यांचेच पालक पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असतात. मग कोणीतरी वसतिगृहाच्या काळजीवाहूची सही घेतं. काळजीवाहू म्हणजे पालक नव्हे, त्यामुळे अशी सही टिकत नाही. सोपा मार्ग वेळापत्रकात आहे. टोळ्या निघण्याआधी, दसऱ्याच्या सुमारास, पालक गावात असतानाच संमती घ्यायची. ज्यांना वाचता येत नाही त्यांना माहितीपत्रक वाचून दाखवायचं, अंगठा घ्यायचा आणि संशोधनाशी संबंध नसलेल्या एका साक्षर साक्षीदाराची सही घ्यायची. अर्थात यासाठी अर्ज जून-जुलैतच समितीकडे जायला हवा! सही घ्यायला वर्गशिक्षकाला मात्र पाठवू नका. गुण देणाऱ्या गुरुजींना "नाही" म्हणायचं धाडस किती पालकांना होईल?

गोपनीयतेच्या रकान्यात बहुतेक जण "नावे गुप्त ठेवली जातील" एवढं एकच वाक्य लिहितात. इथे दोन शब्द वेगळे करायला हवेत. नाव घेतलंच नाही तर माहिती निनावी. नाव घेतलं पण उघड केलं नाही, तर ती गोपनीय. निनावी प्रश्नावली पेटीत पडल्यावर परत काढता येत नाही, कारण ती कोणाची हेच कळत नाही. तेव्हा "कधीही माघार घेता येईल" असं लिहू नका. "पेटीत टाकेपर्यंत माघार घेता येईल" असं लिहा.

पण खरी गळती नावातून होतच नाही. आपल्याला मुलांचं अक्षर ओळखू येतं, म्हणून लिहायचे प्रश्न कमी ठेवून खुणेचे ठेवावेत. निकालाच्या तक्त्यात तर फारच जपावं लागतं. समजा वसतिगृहातल्या मुली तीनच आहेत आणि तक्त्यात आलं, "वसतिगृहातील मुली: 3, शाळा सोडण्याचा विचार: 3". गावात त्या तिघी कोण हे सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे तिघींची उत्तरं जाहीर झाली, आणि टक्केवारी दिली तरी तेच होणार. म्हणून पाचपेक्षा लहान गट वेगळा छापणार नाही, तो मोठ्या गटात मिळवू, असं अर्जातच लिहावं.

जोखमीच्या रकान्यात "कोणतीही जोखीम नाही" असं लिहिलेला अर्ज परत येण्याची शक्यता जास्त. प्रश्नावलीत "घरी तुझ्या लग्नाची बोलणी चालू आहेत का?" असा प्रश्न असेल तर विचार करा. नाव घेतलं नसेल, तर "हो" म्हणणाऱ्या मुलीपर्यंत मदत पोचवता येत नाही. नाव घेतलं असेल, तर ऐकून गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराची गोष्ट पुढे आली, तर पोक्सो कायदा 2012 च्या कलम 19 नुसार कळवणं बंधनकारकच आहे. त्यामुळे "कोणालाही सांगणार नाही" असं वचन मुलांना देताच येत नाही. सहमतीपत्रात साध्या भाषेत लिहावं: "तुला कोणी इजा करत आहे असं कळलं, तर मला मदतीसाठी सांगावं लागेल."

मला विचाराल तर, ताण आणि झोपेच्या अभ्यासाला लग्नाचा प्रश्न लागत नाही, तो काढून टाकावा. बाकीच्या प्रश्नांनीही एखादं मूल हळवं होऊ शकतं. त्यासाठी प्रत्येक मुलाला, उत्तरं काहीही असोत, 1098 आणि टेलिमानसचा 14416 हे क्रमांक छापलेली चिठ्ठी द्यावी. आणि ज्यांनी नकार दिला त्या मुलांना त्या तासाला बाहेर उभं करू नये. त्यांनाही तसाच एक कागद द्यावा, शब्दकोड्याचा, म्हणजे कोणी भरलं आणि कोणी नाही हे शेजारच्या बाकावरही कळणार नाही.