मुरूम पुसायचा, व्रण मवाळ करायचा

१. हात लावण्याआधी खूण कसली आहे ते ओळखा.
ताजा मुरूम म्हणजे लाली आणि छोटासा फुगवटा. आठ-पंधरा दिवसांत तो जातो. तो गेल्यावर मागे राहतो तो तपकिरी डाग. हा निव्वळ रंगाचा मामला असला, तरी आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर महिनोन्‌महिने टिकतो. व्रणाचं तसं नाही. तिथे कातडी खरोखरच खोल गेलेली असते. कॅमेऱ्याला तो दिसतो एका कडेच्या सावलीमुळे आणि समोरच्या कडेच्या चमकेमुळे. शंका असेल तर फोटोशॉपमध्ये फक्त रेड चॅनल उघडा. मुरमाची लाली तिथे जवळजवळ नाहीशी होते, तपकिरी डागही बराच फिका पडतो, पण खड्ड्याची सावली जागच्या जागी राहते.

२. मुरूम न विचारता काढा, व्रण विचारून.
पुढच्या महिन्यात जो नसणारच, तो मुरूम काढल्याने माणूस खोटा होत नाही. व्रण मात्र घरच्यांना, मित्रांना ओळखीचे असतात. एक तरुण वकील कार्यालयाच्या संकेतस्थळासाठी फोटो काढायला आले होते. दोन्ही गालांवर जुने, रुंद, उथळ खड्डे आणि हनुवटीवर दोन ताजे मुरूम. मी विचारलं, "गालांचं काय करायचं?" ते म्हणाले, "माझ्यासारखा दिसलो पाहिजे, पण पहिली नजर तिथे जायला नको." यापेक्षा स्पष्ट सूचना मला नको होती.

३. खड्ड्याचं निम्मं काम दिव्यानेच होतं.
बाजूने घासून जाणारा प्रकाश प्रत्येक खड्ड्यात सावली भरतो. त्या वकिलांसाठी मी मोठा सॉफ्टबॉक्स चेहऱ्याच्या जवळ, कॅमेऱ्याच्या किंचित वर आणि थोडासाच बाजूला ठेवला. हनुवटीखाली पांढरी थर्मोकोल शीट धरली, म्हणजे खालून उजेड परतला आणि सावल्या मवाळ झाल्या. मग टिश्यूने गाल टिपले. तेलकटपणा असला की खड्ड्याच्या कडा चमकतात आणि नंतर तीच चमक निस्तरायला वेळ जातो. मेकअपवर इथे फार विसंबू नका. फाउंडेशन लाली झाकतं, खड्डा भरत नाही, आणि जाड थर दिला तर तो खड्ड्याच्या कडेला साचून जास्तच दिसतो.

४. मुरमाला हीलिंग ब्रश, व्रणाला उजेड-सावली.
हनुवटीचे मुरूम नव्या रिकाम्या लेयरवर हीलिंग ब्रशने गेले. ब्रश मुरमाहून जेमतेम मोठा घेतला आणि नमुना शेजारच्याच, तशाच उजेडातल्या त्वचेचा. तपकिरी डागांसाठी आजूबाजूच्या त्वचेचा रंग उचलून, ब्लेंड मोड कलर ठेवलेल्या लेयरवर हलका हात फिरवला. रोमरंध्रं जशीच्या तशी राहिली.

गालांवर हीलिंग ब्रश मी चालवतच नाही. रुंद खड्डा त्याने पुसला की त्या जागी दुसरीकडची कातडी येते, आणि गाल ठिगळांचा होतो. तिथे दोन कर्व्हज्‌ लेयर केले, एक उजळणारा आणि एक गडद करणारा, दोन्हींचे मास्क काळे. मग मऊ पांढऱ्या ब्रशने, फ्लो २-३ टक्के ठेवून, खड्ड्याची सावली थोडी थोडी उजळवली आणि चमकणारी कड किंचित दाबली. दोन्ही लेयरचा ब्लेंड मोड ल्युमिनॉसिटी ठेवा. नाहीतर गडद केलेली जागा लालसर होते आणि नवाच डाग तयार होतो. सावली निम्मी उतरली की मी थांबतो. खड्डा दिसतो, पण नजर अडकत नाही.

५. फ्रिक्वेन्सी सेपरेशनवर व्रण सोपवू नका.
या पद्धतीत बारीक पोत एका लेयरवर जातो आणि रंग-उजेड दुसऱ्यावर. व्रण मात्र दोन्हीकडे विभागला जातो: कड एकीकडे, सावली दुसरीकडे. नुसता खालचा लेयर मऊ केला की सावली जाते, कड उरते, आणि गालावर पुसट वर्तुळं राहतात. मुलींच्या लग्नाच्या अल्बममध्ये हे मला फार दिसतं आणि खटकतं.

६. काम जवळून करा, निर्णय लांबून घ्या.
१०० टक्के झूमवर प्रत्येक खड्डा शत्रू वाटतो. दर थोड्या वेळाने पूर्ण चेहरा पडद्यावर आणा आणि गालाची कपाळाशी, मानेशी तुलना करा. कपाळावर रोमरंध्रं दिसतात आणि गालावर नाहीत, असं झालं असेल तर हात जास्त चालला आहे.

वकिलांच्या फोटोत शेवटी मी व्रणांच्या दोन्ही लेयरची ऑपॅसिटी ७० टक्क्यांवर आणली. मुरमांचं काम आणि व्रणांचं काम नेहमी वेगळ्या लेयरवर ठेवा, फाइल पीएसडीमध्ये जपून ठेवा. "अजून थोडं" किंवा "जरा कमी" असा निरोप आला, तर नुसती ऑपॅसिटीची पट्टी सरकवायची असते.