पत्रव्यवहार अनेक, नोंद एक

आवक-जावक नोंदवही प्रत्येक शाळेत असते. पत्र आले की क्रमांक पडतो, उत्तर गेले की त्याचाही पडतो. परंतु आता पुष्कळसा विचारविनिमय ई-मेलने होतो, आणि तेथे पत्रांची गणती असली तरी कामांची नसते. एका पत्रात तीन कामे असतात, तर एकच काम सात पत्रांत विखुरलेले असते. अशा वेळी कामाची खरी नोंद कशी ठेवावी, हे एका उदाहरणाने पाहू.

समजा, सोमवार दि. २ डिसेंबर रोजी केंद्रप्रमुखांनी केंद्रातील नऊ शाळांना ई-मेल पाठविला : 'क्रीडास्पर्धा गुरुवार दि. १२ रोजी होतील. खेळाडूंच्या याद्या दि. ७ पर्यंत पाठवाव्यात.' दि. ३ रोजी एका मुख्याध्यापकांनी 'Reply all' दाबून सर्वांस कळविले की, गुरुवारी मैदानावर आठवड्याचा बाजार भरतो, तरी दि. १३ योग्य होईल. दि. ४ रोजी केंद्रप्रमुखांनी ते मान्य केले.

येथपर्यंत सर्व सरळ आहे. परंतु दि. ५ रोजी एका बाईंनी दि. २ च्या मूळ पत्रालाच उत्तर देऊन प्रथमोपचार पेटीविषयी विचारणा केली. त्यांच्या उत्तराखाली मूळ पत्र जोडलेले होते व त्यात दि. १२ हीच तारीख होती. ज्याने हेच सर्वांत नवे पत्र उघडले, त्याने खालची जुनी तारीखच खरी मानली. त्या पत्राला दोन शाळांनी उत्तर दिले, 'पेटी आमच्याकडे आहे.' आणतो असे मात्र कोणीच लिहिले नाही. प्रत्येकास वाटले, दुसरा आणील. तिसऱ्या शाळेने रस्सीखेचीचा दोर देण्याचे कबूल केले, पण 'Reply' दाबल्यामुळे ते केवळ बाईंसच कळले. केंद्रप्रमुखांस त्याची वार्ताही नव्हती.

हा दोष कोणा एकाचा नव्हे, पत्रांच्या रचनेचा आहे. प्रत्येक उत्तर एका विशिष्ट पत्राला जोडलेले असते, म्हणून साखळीस फांद्या फुटतात. सर्वांत शेवटी आलेले पत्र हे सर्वांत शेवटचा निर्णय असतेच असे नाही.

यावर उपाय एक कामनोंदवही. ती कागदी असो वा संगणकावरील सामाईक तक्ता असो, पण एकच असावी व तीत लिहिणारी व्यक्तीही एकच असावी. तीत सहा रकाने पुरतात : क्रमांक, काम, कोणाकडे, मुदत, स्थिती आणि आधार. शेवटच्या रकान्यात कोणाच्या कोणत्या दिवशीच्या पत्रावरून नोंद घेतली, ते लिहावे. वरील प्रकरणाच्या नोंदी अशा होतील :

१. स्पर्धा : केंद्रप्रमुख; दि. १२ (खोडले), दि. १३, निश्चित, केंद्रप्रमुखांचे दि. ४ चे पत्र.
२. याद्या : सर्व शाळा, दि. ७, चालू, केंद्रप्रमुखांचे दि. २ चे पत्र.
३. प्रथमोपचार पेटी : कोणाकडे ते ठरले नाही, मुदत दि. १२, प्रलंबित, बाईंचे दि. ५ चे पत्र.

तिसऱ्या नोंदीकडे पाहावे. 'कोणाकडे' हा रकाना रिकामा पडताच उणीव दिसते. पत्रांच्या गर्दीत ती दिसली नसती. दोन शाळांकडे पेटी आहे, ही माहिती झाली; एका शाळेचे नाव लिहिले जाईल तेव्हाच ते काम झाले. तसेच दि. ३ चे पत्र ही सूचना होती, निर्णय नव्हे. म्हणून त्याचा उल्लेख आधारात नाही. कोणी विरोध केला नाही एवढ्यावरून संमती गृहीत धरू नये.

तारीख बदलल्यास जुनी पुसू नये. एक रेघ मारून नवी लिहावी, म्हणजे जुन्या पत्रावर विसंबलेल्यास फरक समजतो. नोंद झाल्यावर त्याच दिवशी सर्वांस दोन ओळी पाठवाव्यात : 'नोंद १ : स्पर्धा दि. १३. दि. १२ रद्द.' त्यापुढे पत्र लिहिताना प्रत्येकाने नोंदीचा क्रमांक द्यावा.

आठवड्यातून एकदा पत्रे व नोंदवही ताडून पाहावीत. आधाराविना नोंद आढळल्यास ती ऐकीव समजावी. निर्णयाचे पत्र असून नोंद नसल्यास ती राहून गेली आहे. दोराची गोष्ट मात्र या पडताळणीतही सापडणार नाही, कारण ते पत्र नोंद ठेवणाऱ्याकडे आलेलेच नाही. म्हणून काम स्वीकारणाऱ्याने नोंद ठेवणाऱ्यास कळविलेच पाहिजे, आणि नोंदवहीत आपले नाव दिसेपर्यंत आपले कबूल करणे पोहोचले असे मानू नये.