तोटीत दडलेला आंबटपणा

प्रश्न : भांडी घासूनही घरची पहिली बिअर का आंबते?

उत्तर : लंडनमधल्या एका नवशिक्या तरुणीच्या 20 लिटर बिअरवर दहाव्या दिवशी सुरकुतलेली पांढरी साय धरली आणि चव ताकासारखी आंबट झाली. उकळताना माल्टच्या काढ्यातले जंतू मेले होते. पण थंड झाल्यावर तो ज्या जुन्या बादलीत ओतला, तिची प्लास्टिकची तोटी तिने सुटी करून धुतलीच नव्हती. आतल्या चिकट्याखाली आम्ल बनवणारे जिवाणू तगतात, निर्जंतुक करणारे द्रावण तिथवर पोचत नाही. म्हणून आधी धुणे, मग निर्जंतुकीकरण. पुढच्या खेपेस तोटी सुटी करून सोडियम परकार्बोनेटच्या गरम पाण्यात धुतली, नंतर फॉस्फोरिक आम्ल असलेल्या निर्जंतुक करणाऱ्या द्रावणात दोन मिनिटे बुडवली. ओरखडे पडलेली बादली मात्र टाकूनच द्यावी लागली.