‘माझे पैसे कुठे आहेत?’ : एका प्रशिक्षणपटाच्या पटकथेविषयी

बँकेच्या काउंटरवर चढलेला आवाज आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकला असेल, आणि कधीतरी तो स्वतःचाही असेल. अशा प्रसंगी कर्मचाऱ्याने कसे वागावे हे शिकविणारा आठ मिनिटांचा एक लघुपट बेंगळुरूतील आमच्या प्रशिक्षण विभागासाठी तयार करावयाचा होता. संवाद लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. पटकथेशी माझा संबंध तोवर चित्रपटगृहापुरताच होता. त्या लेखनात काय चुकले आणि ते कसे सुधारले, याची हकीकत काउंटरच्या अलीकडे उभ्या असणाऱ्या वाचकांनाही उपयोगी पडेल, असे वाटते.

तक्रार कोणती घ्यावी, हे आम्ही प्रथम ठरविले. एटीएममधून रोख बाहेर आली नाही, परंतु खात्यातून रक्कम वजा झाली, ही तक्रार आम्ही निवडली. तिच्यात ग्राहकाची काहीच चूक नसते, आणि समोरच्या कर्मचाऱ्याचीही नसते. दोघेही निर्दोष असताना राग मात्र खराच असतो. पटकथेसाठी याहून चांगली सामग्री नाही.

प्रसंग असा रचला. एका कारखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. नातीच्या महाविद्यालयीन प्रवेशासाठी 10,000 रुपये काढण्याकरिता सोमवार, 3 तारखेला सायंकाळी ते घराजवळच्या, दुसऱ्या एका बँकेच्या एटीएमवर गेले. यंत्राने आवाज केला, पण नोटा आल्या नाहीत. भ्रमणध्वनीवर मात्र रक्कम वजा झाल्याचा संदेश आला. दुसऱ्या दिवशी ते आपल्या शाखेत आले, तेव्हा ‘यंत्र त्या बँकेचे आहे, तिकडे चौकशी करा’ असे सांगून त्यांना परत पाठविण्यात आले. त्या बँकेने त्यांना पुन्हा आपल्याकडे पाठविले. प्रवेशाची मुदत टळली, शेजाऱ्याकडून उसने घ्यावे लागले. आता 10 तारीख, पुन्हा सोमवार, सकाळचे साडेदहा वाजले आहेत. चित्रपट येथे सुरू होतो.

माझ्या पहिल्या मसुद्यातील अधिकारी अत्यंत शांत होती. ती हसली, पाणी मागविले, ‘आपला त्रास मी समजू शकते’ असे तीनदा म्हणाली, आणि गृहस्थ निवळले. मसुदा मोठ्याने वाचून दाखविला तेव्हा काउंटरवर पंधरा वर्षे काढलेल्या एका सहकाऱ्यांनी एवढेच विचारले, “मग त्यांचे पैसे कुठे आहेत?” माझ्यापाशी उत्तर नव्हते. साडेचार पानांत त्या बाईंनी तक्रार नोंदविलीच नव्हती! माझ्या पटकथेत शांतपणा होता, पण काम नव्हते. ‘शांत राहा’ ही सूचना नट पाळू शकत नाही, कारण ती कृती नव्हे. ‘तारीख विचारते’, ‘लिहून घेते’, ‘पडदा ग्राहकाकडे वळविते’ या कृती होत. शांतपणा त्यांतून आपोआप दिसतो.

म्हणून दुसऱ्या मसुद्यापूर्वी मी नियम उघडून बसलो. रिझर्व्ह बँकेच्या 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकानुसार, रक्कम वजा होऊनही रोख न मिळाल्यास व्यवहाराच्या तारखेनंतर पाच दिवसांच्या आत ती खात्यात परत जमा झाली पाहिजे. हे दिवस दिनदर्शिकेचे. रविवार वा सुट्टी वगळावयाची नाही. त्यानंतरच्या प्रत्येक दिवसाच्या विलंबाबद्दल ग्राहकास 100 रुपये भरपाई द्यावयाची, आणि तीही त्याने मागण्याची वाट न पाहता. शिवाय यंत्र कोणत्याही बँकेचे असले तरी तक्रार कार्ड देणाऱ्या बँकेनेच घ्यावयाची असते. आता आपल्या गृहस्थांचा हिशेब पाहा. व्यवहार 3 तारखेचा, म्हणून मुदत 8 तारखेला संपली. 9 आणि 10 असे दोन दिवस विलंबाचे झाले. रक्कम 12 तारखेला जमा झाली तर चार दिवसांचे 400 रुपये त्यांना देय होतात.

हे कळल्यावर दृश्याचा कणाच बदलला. गृहस्थांचा राग अवास्तव नव्हता; पहिल्या भेटीत त्यांना चुकीची माहिती मिळाली होती. अधिकाऱ्याने गोड आवाजात तीच माहिती पुन्हा दिली असती, तर ती ओरडण्याहून वाईट ठरली असती.

पटकथेचा कागद दोन स्तंभांचा असतो: डावीकडे जे दिसते ते, उजवीकडे जे ऐकू येते ते. संवादप्रधान दृश्यात ढोबळमानाने एका पानाला एक मिनिट धरतात. पण रागाच्या दृश्याला हा हिशेब लागू पडत नाही, असे घड्याळ लावून वाचल्यावर ध्यानात आले. संतप्त माणूस भरभर बोलतो आणि ऐकणारा गप्प असतो. ते गप्प असणे कागदावर एक ओळ घेते, पडद्यावर मात्र चांगली पंधरा सेकंदे. मी ती सेकंदे डाव्या स्तंभात आकड्यासह लिहू लागलो, कारण न लिहिल्यास संकलनात प्रथम तीच कापली जातात. आणि ती कापली की अधिकारी गृहस्थांचे बोलणे तोडते आहे असे दिसू लागते.

मूळ संवाद कन्नडमध्ये आहेत. वाचकांसाठी मधला भाग मराठीत देतो. अधिकाऱ्याचे पहिले वाक्य मात्र कन्नडच ठेवतो, कारण बाहेरून बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्यालाही ते यावे, असा आमचा आग्रह होता.

गृहस्थ : (पासबुक काउंटरवर आपटून) सात दिवस! सात दिवस तुम्ही माझे पैसे दाबून बसलात!
अधिकारी : हेळि सर, कूत्कोळ्ळि. (सांगा सर, बसा.)
(गृहस्थ बसत नाहीत. बोलत राहतात. पंधरा सेकंदे. अधिकारी हातातील कागद बाजूला ठेवते, वही उघडते.)
गृहस्थ : ...तिकडे जा म्हणता, ते इकडे जा म्हणतात. मी काय चेंडू आहे?
अधिकारी : 4 तारखेला आपण आलात तेव्हा तक्रार इथेच नोंदवायला हवी होती. आपल्याला परत पाठविले, ही आमची चूक झाली. मी आत्ता नोंदविते. पैसे काढायला गेलात ती वेळ आठवते?
गृहस्थ : (थांबून) संध्याकाळचे... संदेश आहे ना. सहा चाळीस.

‘सहा चाळीस’ हे दृश्याचे वळण आहे. माणूस संदेश शोधण्यासाठी खाली पाहतो, चष्मा लावतो, आणि त्याचा आवाज आपसूक उतरतो. ज्याचे उत्तर त्याच्याचपाशी आहे असा नेमका प्रश्न विचारल्याने ते घडते. ‘आपण शांत व्हा’ या वाक्याने ते घडत नाही. हे वाक्य आम्ही चुकीच्या आवृत्तीत घालून पाहिले. वाचनाला बसलेल्या प्रत्येकाने ते ऐकताच मान हलविली. आपापल्या आयुष्यात कधीतरी ते सर्वांनीच ऐकलेले होते.

चुकीची आवृत्ती दाखवावी की नाही, यावर आमच्यात बराच वाद झाला. जॉन क्लीझ प्रभृतींनी 1972 मध्ये लंडनला स्थापन केलेल्या ‘व्हिडिओ आर्ट्स’च्या प्रशिक्षणपटांनी चुकीचे वर्तन विनोदी रीतीने प्रथम दाखविण्याची पद्धत लोकप्रिय केली. प्रेक्षक हसतो आणि शिकतो. परंतु यात एक धोका आहे. चुकीचा माणूस अधिक रंगतदार असतो, आणि प्रशिक्षणार्थींच्या तोंडी त्याचीच वाक्ये बसतात. आम्ही चुकीचे दृश्य एका मिनिटावर आणले आणि त्यातील कर्मचाऱ्याला खलनायक केले नाही. तो फक्त घाईत आहे. मागे आठजण उभे आहेत, आणि यंत्र दुसऱ्या बँकेचे म्हणजे तक्रारही तिकडची, असे त्याला मनापासून वाटते. खरी चूक बहुधा अशीच होते.

सर्वांत अवघड ठरले ते आश्वासनाचे वाक्य. माझ्या मसुद्यात अधिकारी म्हणत होती, “काळजी करू नका, पैसे नक्की मिळतील.” ते खोडावे लागले. रोख निघाली की नाही, हे त्या यंत्राच्या नोंदपत्रावरून आणि त्याच्या पेटीतील रोकड मोजून ठरते. पेटीत त्या दिवशी 10,000 रुपये जादा निघाले तर प्रश्न मिटतो. नोंदपत्र ‘नोटा दिल्या’ असे दाखवीत असेल तर दावा नाकारला जाऊ शकतो, आणि मग कॅमेऱ्याचे चित्रण मागवावे लागते. काउंटरवरच्या अधिकाऱ्याला यांपैकी काहीही ठाऊक नसते. तेव्हा जे तिच्या हाती आहे तेवढेच तिने द्यावे. नवे वाक्य असे झाले :

अधिकारी : हा आपला तक्रार क्रमांक. पैसे निघाले की नाही, ते त्या यंत्राच्या नोंदीवरून कळेल. मी आत्ता सांगू शकत नाही. पैसे निघाले नसतील तर रक्कम परत मिळेलच, आणि 8 तारखेनंतरच्या प्रत्येक दिवसाचे 100 रुपये आपण न मागता जमा होतील. बुधवारी दुपारी तीनपर्यंत मी स्वतः फोन करीन. उत्तर आले नसेल, तरी करीन.
गृहस्थ : आणि नाही म्हणाले तर?
अधिकारी : तर लेखी कारण मागा. ते पटले नाही, किंवा तीस दिवसांत बँकेकडून उत्तरच आले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. कसे, ते या कागदावर लिहून दिले आहे.

आपल्याच विरुद्ध दाद कुठे मागावी हे अधिकाऱ्याने सांगावे का, असा आक्षेप एका वरिष्ठांनी घेतला. वाक्य राहिले, कारण त्या वाक्यावरच गृहस्थ प्रथमच खुर्चीत बसतात. नटाने ते तालमीत स्वतःहून केले. मी लिहिले नव्हते.

या दृश्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. ग्राहक शिवीगाळ करू लागला किंवा अंगावर धावून आला, तर पंधरा सेकंदे ऐकणे हा उपाय नव्हे. तेथे शाखाधिकाऱ्याने पुढे व्हावे लागते. तो प्रसंग आम्ही या चित्रपटात घेतला नाही. आठ मिनिटांत दोन वेगळे धडे मावत नाहीत.

चित्रीकरण दुसऱ्या शनिवारी व रविवारी, बंद शाखेत झाले. रांगेतले आठजण म्हणजे आमचेच कर्मचारी व त्यांचे कुटुंबीय. अखेरच्या दृश्यात गृहस्थांनी हसून आभार मानावेत, अशी दिग्दर्शकांची इच्छा होती. मी नको म्हटले. ज्याने सात दिवस हेलपाटे घातले आणि ज्याच्या हाती अजून रक्कम पडलेली नाही, त्याने का हसावे? ते क्रमांकाची चिठ्ठी वाचतात, चारपदरी घडी करून खिशात ठेवतात, आणि निघून जातात. चित्रपट येथे संपतो.

प्रशिक्षणवर्गात दिवे लागताच पहिला प्रश्न हमखास येतो : “त्यांना पैसे मिळाले का?” मग प्रशिक्षक त्या यंत्राच्या नमुना नोंदपत्राची एकेक प्रत सर्वांना वाटतात, आणि 3 तारखेची, सहा चाळीसची ओळ शोधावयास सांगतात.