गल्ल्यात चारशे दहा कमी

प्रश्न : शिर्डीत आमचे छोटे हॉटेल आहे. दुपारी चारला काउंटरवरची पाळी बदलते. गुरुवारी गर्दी असली की गल्ला हमखास दोन-चारशेने कमी भरतो. सकाळचा म्हणतो मी पूर्ण दिले, दुपारचा म्हणतो मला कमीच मिळाले. हे पैसे पगारातून कापावेत का?

उत्तर : लगेच कापू नका. दोघांचा गल्ला एकच असेल, तर तूट कोणाच्या पाळीतली हे कधीच ठरणार नाही. प्रत्येकाला सुरुवातीला मोजून तीन हजारांचे सुट्टे द्या आणि त्यावर त्याची सही घ्या. भाविक पाचशेची नोट पुढे करतात, म्हणून त्यात दहा, वीस आणि पन्नासच्या नोटा भरपूर हव्यात.

चार वाजता सकाळच्याने दुपारच्यासमोर रोकड मोजावी आणि कोणत्या नोटा किती, हे चिठ्ठीवर लिहावे. बिलाच्या संगणकावरचा आकडा त्याला तोवर दाखवू नका. आधी कळला, की मोजणी त्या आकड्याला जुळवून घेतली जाते. मग हिशेब मांडा.

समजा, पाळीची एकूण बिले 41,860 रुपयांची. त्यांतली 22,410 ची बिले यूपीआयची आणि 3,150 ची कार्डाची अशी नोंद आहे. उरली रोख बिले 16,300 ची. त्यात सुरुवातीचे 3,000 मिळवा आणि गल्ल्यातून दूध-भाजीला दिलेले 1,800 वजा करा. गल्ल्यात 17,500 हवेत. मोजले तर 17,090. म्हणजे 410 कमी.

आता माणसाकडे बघण्याआधी यूपीआयच्या ॲपमधली त्याच वेळेतली जमा बघा. तिथे 22,820 दिसले तर उत्तर सापडले. 410 च्या बिलाचे पैसे गिऱ्हाइकाने मोबाइलवरून दिले, पण काउंटरवर 'रोख' हे बटण दाबले गेले. गर्दीत ही चूक फार होते. पैसे बँकेत आहेत, तूट नाहीच.

तिथेही जुळले नाही, तर फरकाचा आकडा पाहा. बरोबर शंभर किंवा पाचशेचा असेल तर बहुधा सुट्टे देताना नोट जास्त गेली. नऊने भाग जात असेल तर लिहिताना अंक उलटे पडले का ते तपासा. 540 चे 450 झाले की फरक 90 चा येतो. भाजीवाल्याला पैसे दिले आणि चिठ्ठी टाकायची राहिली, असेही होते. आणि पैसे जास्त भरले तरी वहीत लिहायला लावा. आजचे वरचे पैसे बाजूला ठेवून उद्याची तूट भरायची सवय लागली, की खरी गळती दिसेनाशी होते.

एवढे करूनही तूट राहिली, तर ती तारीख, पाळी आणि रकमेसह वहीत लिहा. एकाच माणसाच्या पाळीत ती पुन्हा पुन्हा येते का, हे महिनाभर पाहा. कापायची वेळ आलीच, तर नुकसान थेट त्याच्या हलगर्जीपणामुळे झाले हे दिसले पाहिजे, त्याला आधी म्हणणे मांडू दिले पाहिजे आणि तुटीपेक्षा एक रुपयाही जास्त कापता येत नाही. 1936 च्या वेतन प्रदान कायद्यात हेच होते आणि 2019 च्या वेतन संहितेतही तेच आहे.