प्लास्टरचा हात आणि अंगातील चोळी

हाताचे हाड मोडले की दवाखान्यात प्लास्टर घातले जाते. मात्र घरी परतल्यावर कपडे कसे घालावेत, हा प्रश्न बहुधा घरच्या मंडळींनाच सोडवावा लागतो. दंडापासून पंजापर्यंत प्लास्टर असेल तर कोपर काटकोनात वाकलेले असते, त्यामुळे नेहमीची बाही त्यावरून जात नाही. ती ओढून चढविताना दुखापतीला हिसका बसतो.

यावर सोपा उपाय आहे. चोळीच्या बाहीची खालची शिवण आणि कुशीची शिवण काखेत एकमेकींना मिळतात. बाहीच्या टोकापासून कमरेपर्यंत ही सलग शिवण उसवावी. चोळीची ती बाजू आता पूर्ण उघडते व हात बाहीतून घालावाच लागत नाही.

उदाहरणार्थ, बाहीचा घेर ११ इंच आणि दंडावरील प्लास्टरचा घेर १४ इंच आहे असे समजू. सैलपणासाठी २ इंच धरले तर १६ इंच घेर हवा, म्हणजे कापड ५ इंच कमी पडते. त्यात एकमेकांवर येण्यासाठी १ इंच व शिवणीसाठी १ इंच मिळवून ७ इंच रुंदीची पट्टी घ्यावी. पट्टी जुन्या, मऊ सुती कापडाची असावी. ती मागील बाजूस शिवावी आणि मोकळ्या कडेला सुमारे तीन-तीन इंचांवर कापडी बंद लावावेत. बंदांच्या गाठी पुढे याव्यात, काखेत येऊ नयेत. टाचणी वा सेफ्टी पिन वापरू नये. पुरुषांचा सदराही याच रीतीने उसवता येतो.

कपडा घालताना रुग्णास बसवावे. प्रथम दुखावलेली बाजू झाकावी, मग चांगला हात बाहीत घालावा. काढताना क्रम उलटा ठेवावा, म्हणजे चांगला हात आधी मोकळा करावा. गळ्यातील झोळी कपड्यावरून बांधावी.

ओल्या साध्या प्लास्टरला पूर्ण वाळण्यास दोन ते तीन दिवस लागतात. तोवर ते कपड्याने वा पांघरुणाने झाकू नये. नंतरही बोटे सदैव उघडी ठेवावीत. सूज वाढली की अंगठी व बांगड्या रुततात, म्हणून त्या आधीच काढाव्यात.

बोटे उघडी ठेवण्याचे मुख्य कारण निराळेच आहे. प्लास्टर आवळले गेल्यास ते प्रथम बोटांवरून कळते. बोटे निळसर किंवा पांढरी पडणे, गार लागणे, बधिर होणे, किंवा बोटे सरळ करताना असह्य कळ येणे ही धोक्याची चिन्हे होत. अशा वेळी कपडा सैल करून भागत नाही. सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णास तत्काळ दवाखान्यात न्यावे. विलंब झाल्यास हाताचे स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात.