चालू खात्यात किती ठेवावं?

सांगली-साताऱ्याकडच्या व्यापाऱ्याला चालू खात्यात किती रक्कम ठेवता असं विचारलं, तर ‘महिन्याभराचा खर्च’ हे उत्तर हमखास येतं. हा ठोकताळा मीही पाळला आहे आणि तो महाग पडतो, हे हिशेब मांडल्यावरच मला पटलं. चालू खात्यातल्या पैशावर व्याज मिळत नाही. उलट सगळा पैसा लिक्विड फंडात किंवा ट्रेझरी बिलांत ठेवला, तर तो पुन्हा पुन्हा काढताना दर वेळी काही खर्च येतो. विल्यम बॉमोल यांनी १९५२ मध्ये हा पेच मालाच्या साठ्यासारखा सोडवला: C = √(2bT/i). T म्हणजे वर्षाचा खर्च, b म्हणजे एकदा पैसे काढण्याचा खर्च, i म्हणजे बुडणारं व्याज आणि C म्हणजे एका वेळी काढायची रक्कम.

सांगलीत हळद दळणारा एखादा उद्योग उदाहरणादाखल घेऊ. पगार, वीज, भाडं, वाहतूक मिळून वर्षाला १ कोटी २० लाख रुपये संथपणे जातात. व्याज ६ टक्के, दर वेळचा खर्च ४०० रुपये. सूत्राने उत्तर येतं ४ लाख. म्हणजे वर्षात ३० वेळा पैसे काढायचे. त्याचे १२,००० रुपये. खात्यात सरासरी २ लाख पडून राहतात, त्यांचं बुडालेलं व्याजही १२,०००. महिन्याचे १० लाख एकदम काढले, तर ही २४,००० ची बेरीज ३४,८०० होते. खर्च चौपट झाला तरी रोकड दुप्पटच लागते. ठोकताळा मात्र तीही चौपट करायला लावतो.

कुणी म्हणेल, हल्ली मोबाइलवर पैसे फुकट निघतात, मग ४०० कसले? त्यात हिशेबनिसाचा वेळ आणि नोंदी-ताळमेळाचं काम येतं. शिवाय फंडातली मोठी रक्कम साधारणपणे पुढच्या कामकाजाच्या दिवशी हाती येते. त्यासाठी दोन-तीन दिवसांचा खर्च वेगळा राखावा. b चा अंदाज चुकला तरी फार बिघडत नाही: ४ ऐवजी ८ लाख काढले, तरी एकूण खर्च ३०,००० च होतो.

दुसरा आक्षेप खरा आहे: आपल्याकडचा पैसा हंगामी. ऊस आल्यापासून १४ दिवसांत एफआरपी देणं कारखान्यावर बंधनकारक आहे, उशीर झाल्यास १५ टक्के व्याज. हळदीच्या सौद्यांचे पैसेही ठरावीक महिन्यांत एकदम जातात. अशी रक्कम T मध्ये मिसळली की सूत्र फसतं, कारण ते खर्च रोज सारखाच होतो असं धरतं. म्हणून तारखेची देणी आधी बाजूला काढा आणि त्या तारखांना मुदत संपणाऱ्या रोख्यांत ठेवा. उरलेल्या संथ खर्चालाच सूत्र लावा. आणि कॅश क्रेडिटवर १० टक्के भरत असाल, तर ६ टक्क्यांच्या फंडाआधी ते कर्ज उतरवा. तिथे हे सूत्र काढायची वेळच आलेली नसते.